आग कुठली, फुफाटा कुठला?
(वस्तीतल्या अभ्यासिका चालवणाऱ्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी गोदीत माल उचलतो आणि उरल्या वेळात कविता करतो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. म्हणजे शिकवण्याचं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. पण आठवड्यातून तीन संध्याकाळी, पहिल्या पाळीवरून सुटलो की, मी आपल्या अभ्यासिकेत सहावी-सातवीच्या पोरांना मराठी सांगतो. त्यातलं एकच प्रकरण आज तुमच्यासमोर ठेवतो. म्हणी आणि वाक्प्रचार.

सुरुवात एका पोरीच्या वहीपासून झाली. सातवीतली पोर. शाळेत प्रश्न होता, 'आगीतून फुफाट्यात' या म्हणीचा वाक्यात उपयोग करा. हिने लिहिलं होतं, 'आई बाजारात गेली आणि आगीतून फुफाट्यात आली.' बाईंनी लाल फुली मारलेली. पोरगी मला म्हणाली, "दादा, अर्थ तर मला पाठ आहे. लहान संकटातून मोठ्या संकटात सापडणे. मग चुकलं कुठे?"

मी विचारलं, फुफाटा म्हणजे काय? गप्प. वर्गात एकोणीस पोरं होती, सगळी गप्प. अर्थ एकोणीस जणांना पाठ, पण वस्तू एकालाही ठाऊक नाही.

आता हे कसं घडतं ते पाहा. गाइडात डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ. जोड्या जुळवा. पोरगं काय करतं? फोन नंबर पाठ करावा तसं करतं. या म्हणीचा हा नंबर, त्या म्हणीचा तो. मी एकदा गंमत केली. अर्थ तोच ठेवला पण शब्द बदलले. 'आपल्याला जमत नाही ते कबूल न करता दुसऱ्या कशाला तरी नावं ठेवणं' असं लिहिलं. रोज 'नाचता येईना अंगण वाकडे' घडाघड सांगणारी निम्मी पोरं आपटली. कारण गाइडातला 'दोष झाकणे' हा शब्द त्यात नव्हता. ती अर्थाला ओळखतच नव्हती. ती फक्त अर्थाच्या वाक्याचा चेहरा ओळखत होती.

म्हणून आम्ही जोड्या जुळवायचंच काम ठेवलं, पण उजवी बाजू बदलली. म्हणीसमोर अर्थ ठेवायचा नाही. म्हणीसमोर प्रसंग ठेवायचा. घरातला, जिन्यातला, नळावरचा, लोकलमधला. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलो तेव्हा कळलं की यात खड्डे आहेत. ते खड्डे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

पहिली गोष्ट, प्रसंगाकडे जायच्या आधी म्हणीतली वस्तू दाखवा. फुफाटा म्हणजे चुलीतली नाहीतर शेगडीतली गरम राख. वरून करडी, थंड दिसते, आत निखारा जिवंत असतो. आपल्या पोरांच्या घरात गॅस. मी त्यांना नाक्यावरच्या कणीसवाल्याकडे नेलं. शेगडीवर राख बसली होती. म्हटलं, वीतभर अंतरावर हात धरा. सगळ्यांनी हात मागे घेतला. झालं, फुफाटा कळला. दुसऱ्या दिवशी एकाने बातमी आणली की त्याची बीडकडची आजी रस्त्यावरच्या तापलेल्या धुळीला फुफाटा म्हणते. तेही खरं आहे. दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. पाय दोन्हीकडे भाजतो.

मग एक पोरगा उठला. "दादा, राख आगीपेक्षा मोठी कशी? पुस्तकात तर मोठ्या संकटात म्हटलंय." प्रश्न बरोबर होता. आग दिसते, म्हणून माणूस उडी मारून बाहेर येतो. राख विझलेली वाटते, म्हणून त्यातच पाय ठेवतो. पाय रुततो आणि मग कळतं. या म्हणीत नुसतं लहान-मोठं संकट नाही. सुटायला म्हणून माणूस निघाला आणि सुटलोच असं वाटत असताना अडकला, हे आहे. ही गोष्ट गाइडच्या एका ओळीत बसत नाही.

आता दुसरी म्हण घ्या. 'दुष्काळात तेरावा महिना'. पोरं हिचा अर्थ सांगतात, संकटात भर. आणि वरच्या म्हणीत आणि हिच्यात कायम घोटाळा करतात, कारण दोन्हीत संकट आहे. इथे पुन्हा वस्तू दाखवावी लागते. वर्षाला बारा महिने, मग तेरावा आला कुठून? चंद्राच्या हिशेबाचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याचं 365 दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक जादा महिना घालतात. तो अधिक महिना. त्या वर्षाला तेरा महिने होतात. आता विचार करा, आधीच पिकलं नाही, कणगीत बारा महिन्यांचंही धान्य नाही, आणि वर्ष मात्र एक महिन्याने लांबलं. 2023 साली अधिक श्रावण होता. त्याच साली ऑगस्ट कोरडा गेला आणि सरकारने राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. म्हणजे म्हण शब्दशः खरी झाली. हे सांगितल्यावर पोरांनी कॅलेंडरात अधिक महिना शोधायला सुरुवात केली. आता ती म्हण त्यांना कोणी पाठ करून घ्यायला नको.

आता कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांची मागची बाजू कोरी असते, ती कापा. चार म्हणी घ्या, सहा प्रसंग घ्या. चारास चार घेऊ नका. चारास चार घेतले की पोरगं तीन जोड्या लावतं आणि चौथी आपोआप लागते. ती त्याने लावलेली नसते. दोन प्रसंग असे पाहिजेत की त्यांना कुठलीच म्हण लागत नाही.

आमच्या चार म्हणी या. आगीतून फुफाट्यात. दुष्काळात तेरावा महिना. कामापुरता मामा. गरज सरो वैद्य मरो. आणि प्रसंग हे.

एक. खोली गळते म्हणून एका कुटुंबाने ती सोडली. नव्या खोलीला भाडं हजार रुपये जास्त, आणि नळाला दोन-दोन दिवस पाणी नाही.

दोन. एका घरात दोन महिने पगार आलेला नाही. त्यातच आजी जिन्यात पडली आणि पाय मोडला.

तीन. शेजारचा पोरगा वर्षभर बोलत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी वही पाहिजे म्हणून "दादा, दादा" करत दारात उभा.

चार. एका काकांनी रात्री जागून एकाचा नोकरीचा फॉर्म भरून दिला, त्याच्याबरोबर चार ऑफिसं हिंडले. नोकरी लागली. आता तो रस्त्यात काकांना ओळख दाखवत नाही.

पाच. पाऊस कोसळला, त्यामुळे गाडी चुकली, त्यामुळे शाळेला उशीर झाला.

सहा. मैत्रिणीने वही मागितली, उतरवून घेतली, दुसऱ्या दिवशी परत केली आणि पेरू दिला.

कार्डं लिहिताना दोन पथ्यं पाळा. म्हणीतला कुठलाही शब्द प्रसंगात येऊ देऊ नका. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'झोपडीला आग लागली म्हणून'. सगळ्यांनी डोळे झाकून आगीतून फुफाट्यात लावलं. शब्दाला शब्द चिकटवला, अर्थाशी संबंध नाही. तसंच 'संकट', 'मतलबी', 'कृतघ्न' असले शब्दही नकोत. ते गाइडातले शब्द आहेत, तेही चिकटतात. प्रसंगात फक्त काय घडलं तेवढं असावं.

आता पोरं जोड्या लावतात. लावल्यावर बरोबर की चूक ते लगेच सांगू नका. विचारा, "आग कुठली? फुफाटा कुठला?" म्हणीतल्या प्रत्येक वस्तूला प्रसंगात जागा पाहिजे. पहिल्या प्रसंगात गळणारी खोली ही आग. महागडी, पाण्याविना खोली हा फुफाटा. पाय आगीतून निघाला का? निघाला, खोली सोडली. म्हणजे म्हण लागली. दुसऱ्या प्रसंगात? पगार नाही हा दुष्काळ, आजीचा पाय हा तेरावा महिना. दुष्काळ संपला का? नाही, पगार अजून नाहीच. म्हणजे एकीत माणूस पहिल्या त्रासातून बाहेर पडतो, दुसरीत पहिला त्रास जागेवर असतो आणि वर दुसरा बसतो. दोन म्हणींमधला फरक पोरांनी स्वतः असा काढला. मी फक्त आग कुठली, फुफाटा कुठला एवढंच विचारत होतो.

पाचव्या प्रसंगाला बरीच पोरं तेरावा महिना लावतात. विचारा, दुष्काळ कुठला? पाऊस. तेरावा महिना कुठला? गाडी चुकली. पण गाडी पावसामुळेच चुकली ना? ही एकाच गोष्टीची साखळी झाली. तेरावा महिना दुष्काळाने आणलेला नसतो, तो पंचांगातून वेगळाच येतो. म्हणून इथे म्हण लागत नाही. 'लागत नाही' हे उत्तर ज्या दिवशी पोरगं न घाबरता देतं, त्या दिवशी त्याला म्हण कळली असं समजा.

तीन आणि चारचं भांडण तर अर्धा तास चाललं. दोन्हीत माणूस मतलबी. मग काळ बघायला सांगितलं. कामापुरता मामा हे काम व्हायच्या आधीचं गोड बोलणं आहे. गरज सरो वैद्य मरो हे काम झाल्यानंतरचं तोंड फिरवणं आहे. गोदीत निवडणुकीच्या आधी खांद्यावर हात ठेवणारा माणूस पहिल्या म्हणीत बसतो आणि निवडून आल्यावर काच वर करून गाडीतून जाणारा दुसरीत. माणूस एकच असू शकतो, म्हणी दोन.

जोड्या जमल्या की काम संपत नाही. प्रसंगातली एकच गोष्ट बदला आणि पुन्हा विचारा. पहिल्या कार्डावर कुटुंबाने खोली सोडलीच नाही, गळती तशीच, आणि वर नळही बंद झाला. आता? पोरं ओरडली, तेरावा महिना! दुसऱ्या कार्डावर बापाने बिनपगारी काम सोडून दुसरीकडे धरलं आणि तिथे मुकादम निम्मेच पैसे हातावर ठेवतो. आता? आगीतून फुफाट्यात. ज्याने पाठ केलं असेल तो इथे अडकतो. ज्याला कळलं असेल तो हसतो.

आता माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कार्डावर मी लिहिलं होतं, 'बापाचं काम सुटलं, तो दिवसभर घरात पडून असतो.' एक पोरगा त्या संध्याकाळी एक शब्द बोलला नाही. पुढचे दोन दिवस आला नाही. मग कळलं, त्याच्या घरात तेच चालू होतं आणि वर्गात अर्ध्या पोरांना ते माहीत होतं. आपण रोजच्या जगण्यातले प्रसंग घ्यायचे म्हणतो, पण आपल्या वस्तीत रोजचं जगणं म्हणजे कुणाची तरी उघडी जखम असते. म्हणून नियम केला. प्रसंगात 'एक माणूस', 'एक बाई', 'एक घर'. वर्गातल्या कुणाच्या घरात आज काय चाललंय ते कार्डावर येणार नाही. पोरं स्वतःहून आणतील ते वेगळं, पण त्यांनीही 'एक बाई' म्हणूनच सांगायचं. आणि कोण ते आपण विचारायचं नाही.

वाक्प्रचाराचं थोडं वेगळं. म्हण हे पुरं वाक्य असल्यासारखं उभं राहतं, तिला हात लावायचा नाही. 'याला म्हणतात दुष्काळात तेरावा महिना' असं म्हणून ती जशीच्या तशी ठेवायची. वाक्प्रचार मात्र वाक्यात विरघळतो. त्याचं क्रियापद फिरतं. इथे पोरांना अर्थ कळूनही मार्क जातात. 'मी नाकी नऊ आलो' असं लिहितात. नऊ येतात ते कुणाच्या तरी नाकी. म्हणून 'माझ्या नाकी नऊ आले', 'आईच्या नाकी नऊ आले'. माणूस बदलला तरी 'आले' बदलत नाही. पण 'कंबर कसणे' घेतलं तर 'त्याने कंबर कसली', कारण कंबर स्त्रीलिंगी. 'कानाडोळा करणे' घेतलं तर 'तिने कानाडोळा केला'. तेव्हा वाक्प्रचाराच्या कार्डावर प्रसंगासमोर रिकामी जागा ठेवा आणि तीन माणसांसाठी तीन वाक्यं भरून घ्या. मी, तू आणि आई. एवढ्यात चूक सापडते. आणि नाकी नऊ कुठून आले याची चमत्कारिक गोष्ट बनवून सांगत बसू नका. वस्तू दाखवता येत असेल तर दाखवा, नाहीतर नुसता वापर शिकवा.

घरातल्या बोलीचंही सांगतो. पोरांची आजी म्हणते, 'नाचता येईना, म्हणं अंगण वाकडं'. पुस्तकात 'वाकडे'. पोरगं आजीचं लिहितं आणि फुली खातं. आजी चुकलेली नाही. म्हण पुस्तकात जायच्या आधी आजीच्याच तोंडात होती. वहीत दोन रकाने करा. एक घरातला, एक परीक्षेचा. पोरांना सांगा, पेपरात परीक्षेचा लिहा, पण घरातला खोडू नका.

आता शेवटचं, आणि सगळ्यात जड. म्हणींच्या यादीत 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण असते. जुन्या संग्रहांत आहे, गाइडांतही सापडते. समोर अर्थ दिलेला असतो, चांगल्याबरोबर वाईट हे सगळीकडे असतेच. एका संध्याकाळी आठवीच्या पोराने यादीतून ती मोठ्याने वाचली आणि थांबला. माझ्याकडे बघायला लागला.

मी काय करायला पाहिजे होतं? पान उलटायचं? मग तो अर्थ त्याच्या डोक्यात तसाच बसला असता. जोडी लावायला सांगायची? म्हणजे त्याच्याच हाताने त्याच्या आज्याच्या घराला 'वाईट' लिहायला लावायचं. दोन्ही नको. मी रोजचाच प्रश्न विचारला. म्हणीतल्या प्रत्येक वस्तूला जागा दाखवा. अर्थात 'चांगलं' आहे, ते म्हणीत कुठे? पोरगा म्हणाला, "गाव." आणि 'वाईट'? बराच वेळ गेला. मग म्हणाला, "म्हणजे हे आपल्याला म्हणतायत." मी म्हटलं, आता विचार, ही म्हण कोणी कुठे उभं राहून केली असेल? गावात उभं राहून, की महारवाड्यात? त्याने उत्तर दिलं नाही. द्यायची गरज नव्हती.

डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने महारवाडा, मांगवाडा अशी जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली. पाटी बदलता येते. म्हणीला सरकारी निर्णय लागू होत नाही. ती तोंडातून तोंडात जाते. म्हणून आमच्या वर्गात असा ठराव झाला. ही म्हण जोड्यांच्या कार्डांत नाही. सहावीला सांगायची नाही, ती पोरं अजून वस्तू जुळवायलाच शिकतायत. आठवीला मात्र लपवायची नाही, वरच्यासारखी उघडून दाखवायची, म्हणजे कुणी तोंडावर फेकली तर पोरगं दचकणार नाही, उलटा प्रश्न विचारेल. आणि कुणी विचारलं की मग तो अर्थ सांगायचा कसा, तर भाषा काही एवढी गरीब नाही. 'हाताची पाची बोटं सारखी नसतात.' यात कुणाचं घर नाही. आणि करंगळी लहान म्हणून वाईट नाही. गोदीत हूक धरताना करंगळी सुटली तर गोणी सुटते, हे मी हाताने सांगतो.

या पद्धतीची मर्यादाही ऐकून घ्या. चार म्हणींना दोन संध्याकाळी लागतात. यादीत शेकड्याने म्हणी असतात. सगळ्या अशा होणार नाहीत. म्हणून ज्या एकमेकींत मिसळतात त्यांच्या जोड्या आधी घ्या, बाकीच्या वाचनात आल्या की थांबून सांगा. आणि त्याच दिवशी परीक्षा घेऊ नका. त्या दिवशी सगळ्यांना येतं. आठ दिवसांनी, कार्डं न काढता, तोंडी एक नवा प्रसंग सांगा. तेव्हा जे उरेल तेवढंच शिकलेलं.

ती लाल फुलीवाली पोर आठ दिवसांनी आपलाच प्रसंग घेऊन आली. म्हणाली, "दादा, एका बाईने बचत गटाचं कर्ज घेतलं होतं. हप्ता थकला. गटातल्या बायका दारात येऊन बसायच्या. म्हणून तिने व्याजाने पैसे देणाऱ्या एका माणसाकडून घेतले आणि गटाचे फेडले. आता बायका येत नाहीत. तो येतो."

मी विचारलं, आग कुठली?

"गटाचा हप्ता."

फुफाटा?

"तो."

पाय आगीतून निघाला का?

"निघाला. तिला वाटलं सुटली."

वर्ग गप्प होता. कोण ती बाई, कुणी विचारलं नाही. मीही नाही. फळ्यावर म्हण लिहिली, तिने वहीत वाक्य लिहिलं, आणि मी त्याखाली बरोबरची खूण केली.

जय भीम.